फळीवरची बरणी बदलताना: संदर्भचित्र देऊन एआयकडून, की त्याच कोनातून नवा फोटो काढून हाताने?

दुकानातील मांडणीचा फोटो चांगला निघालेला असतो, प्रकाश मनासारखा असतो, शेजारच्या वस्तू नीट लागलेल्या असतात, आणि नेमके त्याच आठवड्यात उत्पादक कळवतो की बरणी बदलली आहे. पुन्हा दुकान रिकामे करून घेणे शक्य नसते. त्यामुळे जुन्या फोटोतील एक बरणी काढून तिथे नवी बसवावी लागते. लहान खाद्यपदार्थ उत्पादकांसाठी असे काम मी गेली काही वर्षे करत आलो आहे. सध्या या कामाचे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. पहिला, नव्या बरणीचे संदर्भचित्र आणि मांडणीचा फोटो एआय मॉडेलला देऊन अदलाबदल करून घेणे. दुसरा, नव्या बरणीचा फोटो मूळ फोटोच्याच उंचीवरून आणि अंतरावरून घेऊन तो फोटोशॉपमध्ये हाताने बसवणे. ब्लेंडरमध्ये बरणीचे त्रिमितीय प्रारूप करून बसवण्याचा तिसराही मार्ग आहे, पण त्याचा विचार शेवटी थोडक्यात करू. लेयर, मास्क आणि प्रॉम्प्ट म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो.

कोणाला कोणता मार्ग सोयीचा पडेल हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे, आणि माझा कल कोणाला जुनाट वाटला तर माझी हरकत नाही. मात्र ज्या एका त्रासामुळे माझा निर्णय झाला, तो सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

एका गृहउद्योगाच्या कैरीच्या लोणच्याचे उदाहरण घेतो. जुनी बरणी १४.५ सेंटिमीटर उंच आणि ८.५ सेंटिमीटर व्यासाची होती. नवी १२ सेंटिमीटर उंच, पण ९.२ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे बुटकी आणि रुंद. मांडणीच्या फोटोत जुन्या बरणीची बाजूची कड, झाकणापासून तळापर्यंत, ५८० पिक्सेल भरत होती. मी दोन्ही चित्रे मॉडेलला देऊन अदलाबदल करण्यास सांगितले. पहिला निकाल पाहून खरोखर आनंद झाला, कारण काचेवरची चमक, वरच्या फळीची बरणीच्या खांद्यावर पडणारी सावली आणि तेलाचा रंग हे सर्व काही सेकंदांत इतके नैसर्गिक आले होते की हाताने त्याला अर्धा दिवस लागला असता. परंतु कड मोजली तेव्हा ती पुन्हा सुमारे ५८० पिक्सेलच भरली. बुटकी बरणी जुन्या बरणीएवढी उंच झाली होती, आणि त्या मापात रुंदीही वाढल्यामुळे शेजारच्या तिखटाच्या डब्यापुढे ती प्रत्यक्षापेक्षा बरीच मोठी वाटत होती.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मॉडेलला संदर्भचित्रातून वस्तूचे रूप कळते, माप कळत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील बरणीच्या चित्रात ती बारा सेंटिमीटरची आहे की बावीसची, हे सांगणारे काहीच नसते. मांडणीच्या फोटोत एक जागा मोकळी करून दिलेली असते, आणि ती जागा भरून काढण्याकडे मॉडेलची ओढ असते. प्रॉम्प्टमध्ये सेंटिमीटर लिहून पाहिले, ‘आधीच्यापेक्षा बुटकी’ असे लिहून पाहिले, शेजारच्या डब्याशी तुलना करून पाहिली. आठ प्रयत्नांपैकी पाचांत बरणी जुन्या उंचीचीच आली, दोनांत मधल्या उंचीची, आणि एकात जवळजवळ बरोबर. हे माझ्या एका संध्याकाळचे निरीक्षण आहे, त्याला मोजमाप म्हणता येणार नाही. दुसऱ्या मॉडेलवर दुसऱ्या कोणाचा अनुभव अधिक चांगला असू शकतो. तरीही माझ्या दृष्टीने प्रश्न आठात एक बरोबर येण्याचा नव्हता. तो एक बरोबर आहे हे कळण्यासाठी मला आधी योग्य माप स्वतःच काढावे लागत होते, आणि माप काढल्यावर अवघड भाग संपलेलाच होता.

ते माप मूळ फोटोतूनच कसे निघते हे सांगितले पाहिजे, कारण दोन्ही मार्गांना ते लागतेच. पहिली गोष्ट, जुन्या बरणीची खरी उंची ठाऊक असल्यामुळे ५८० भागिले १४.५, म्हणजे त्या जागी एका सेंटिमीटरला ४० पिक्सेल, हे प्रमाण मिळते. म्हणजे नव्या बरणीची कड ४८० पिक्सेल आणि रुंदी ३६८ पिक्सेल हवी. इथे एक चूक मी स्वतः केलेली आहे: बरणीची उंची म्हणून मी निवडीच्या चौकटीची उंची घेत असे. त्या चौकटीत झाकणाच्या लंबवर्तुळाची वरची कमान आणि तळाची खालची कमानही येते, त्यामुळे जुन्या बरणीची चौकट ५८० नव्हे तर सुमारे ६५६ पिक्सेल भरते. या आकड्याला १२ भागिले १४.५ ने गुणले तर नवी चौकट ५४३ येते. प्रत्यक्षात ती ५६५च्या आसपास हवी. कमानी उंचीच्या प्रमाणात बदलत नाहीत, त्या रुंदीवर आणि पाहण्याच्या कोनावर अवलंबून असतात. म्हणून मोजायचे ते नेहमी बाजूच्या सरळ कडेवर.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. मांडणीच्या फोटोत एखादी फळी अशी असते की तिचा वरचा पृष्ठभागही दिसत नाही आणि खालचाही दिसत नाही, फक्त पुढची धार दिसते. कॅमेरा त्या उंचीवर होता. अशी फळी नेमकी नसेल तर मांडणीच्या दोन्ही बाजूंच्या, आत जाणाऱ्या कडा वाढवून त्या जिथे मिळतात तिथे क्षितिजरेषा धरावी. आमच्या फोटोत ही रेषा जुन्या झाकणाच्या मध्यापासून १५०० पिक्सेल वर होती, म्हणजे ४०ने भागून कॅमेरा झाकणाच्या ३७.५ सेंटिमीटर वर. फळी त्याच्याही १४.५ खाली, म्हणजे कॅमेऱ्यापासून ५२ सेंटिमीटर खाली.

तिसरी गोष्ट अंतर, आणि ते झाकणच सांगते. कॅमेरा समतल धरलेला असेल, म्हणजे उभ्या रेषा फोटोत उभ्याच असतील, तर आडव्या वर्तुळाच्या लंबवर्तुळाची उंची भागिले रुंदी हे गुणोत्तर, कॅमेरा त्या वर्तुळाच्या किती वर आहे भागिले तो किती लांब आहे, याच्या जवळजवळ बरोबर असते. जुने झाकण ३४० पिक्सेल रुंद आणि ६४ पिक्सेल उंच होते, गुणोत्तर ०.१८८. उंची ३७.५ असेल तर अंतर २०० सेंटिमीटर. एका जुन्या बरणीने प्रमाण, उंची आणि अंतर ही तिन्ही उत्तरे दिली, आणि मला दुकानात मोजपट्टी घेऊन जावे लागले नाही. मूळ फोटोत उभ्या रेषा तिरप्या असतील किंवा भिंगामुळे फळ्या वाकलेल्या दिसत असतील, तर हे सर्व करण्याआधी ते दोष काढून घ्यावेत, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता मूळ प्रश्न. उत्पादकाकडून आलेले बरणीचे तयार छायाचित्र योग्य मापाला लहान करून तिथे चिकटवले तर काय बिघडते? बरेच बिघडते, आणि काय बिघडले ते ग्राहकाला सांगता येत नाही. तो फक्त म्हणतो, ‘वेगळी वाटते.’ तयार छायाचित्रे बहुधा जवळून काढलेली असतात. समजा कॅमेरा ६० सेंटिमीटरवर आणि झाकणाच्या ५ सेंटिमीटर वर होता. त्या छायाचित्रात झाकणाचे गुणोत्तर सुमारे ०.०८ असते, म्हणजे ३६८ रुंदीला झाकण जेमतेम ३१ पिक्सेल उंच दिसते. आमच्या मांडणीत ते ७४ हवे. उलट तळाची वक्रता तिथे ०.२८ असते आणि आमच्याकडे ०.२६ हवी, म्हणजे तळ जवळजवळ बरोबर आणि झाकण अगदीच चपटे. जवळच्या कॅमेऱ्याला झाकण आणि तळ यांत मोठा फरक दिसतो, लांबच्या कॅमेऱ्याला थोडाच. अशी बरणी फळीवर ठेवली की ती मागे कललेली वाटते. Distort वापरून चारही कोपरे ओढले तरी हे सुधारत नाही, कारण ते साधन सपाट पृष्ठभागासाठी आहे. खोक्याच्या दर्शनी बाजूला ते उत्तम लागू पडते. बरणीचे झाकण मोठे करू गेलो तर लेबलही ताणले जाते. Warp वापरून झाकण आणि तळ वेगवेगळे वळवता येतात, पण मग लेबलावरची अक्षरे कोणत्या वक्रतेने जावीत हे डोळ्याने ठरवावे लागते, आणि तिथे माझा डोळा प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देतो.

एआय मॉडेल या बाबतीत खरोखर चांगले काम करते, हे मान्य केले पाहिजे. चपट्या झाकणाचे संदर्भचित्र दिले तरी शेजारच्या बरण्या पाहून ते झाकण बऱ्याचदा योग्य कोनात आणते. मापाच्या त्रासावरही एक उपाय आहे: जुनी बरणी आधी पुसून टाकावी, त्या जागी ४८० बाय ३६८ पिक्सेलची करड्या रंगाची दंडगोल आकृती योग्य लंबवर्तुळांसह काढावी, आणि ‘या आकृतीच्या जागी संदर्भचित्रातील बरणी ठेव’ असे सांगावे. यामुळे माप पुष्कळ सुधारते. पण तोपर्यंत मी मोजमाप केलेले असते आणि आकृती काढलेली असते, आणि निकालात लेबल नव्याने रेखाटलेले असते. देवनागरी लेबलाच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. माझ्या एका निकालात ‘लोणचे’ या शब्दातील ‘चे’ची मात्रा ‘ण’वर सरकली होती. लांबून कोणाला कळले नसते, पण उत्पादकाच्या आईने, जिच्या हस्ताक्षरावरून ते लेबल केलेले होते, तिने पहिल्याच नजरेत विचारले, ‘हे कोणी लिहिलं?’

याच्या जोडीला एक छुपी अडचण आहे. अशी बरीच मॉडेल्स बदललेला भागच नव्हे तर संपूर्ण चित्र पुन्हा तयार करून देतात, त्यामुळे ज्याला हात लावायचा नव्हता त्या तिखटाच्या डब्याचे अक्षरही किंचित बदललेले असू शकते. हे तपासण्याची रीत सोपी आहे. मूळ फोटोवर निकालाचा लेयर ठेवावा आणि त्याचा मिश्रण प्रकार Difference करावा. बरणीच्या बाहेर सर्वत्र काळे दिसले पाहिजे. जिथे राखाडी रेघा उमटतात तिथे काहीतरी बदलले आहे. अशा वेळी निकालातील फक्त बरणी आणि तिची सावली मास्कने ठेवून बाकी मूळ फोटोच वापरावा. हा लेयर पाहण्याची सवय मला फार उशिरा लागली, आणि त्याआधी पाठवलेल्या काही चित्रांचा विचार मी आता करत नाही.

दुसऱ्या मार्गात काम उलट्या टोकाने सुरू होते. वरचे तीन आकडे मिळाल्यावर मी घरी एक ४५ सेंटिमीटर उंचीचे स्टूल घेतो, त्यावर नवी बरणी ठेवतो, भिंगाचा मध्य जमिनीपासून ९७ सेंटिमीटरवर आणतो (४५ अधिक ५२), आणि बरणीच्या मध्यापासून २०० सेंटिमीटरवर तिपाई लावतो. कॅमेरा पूर्ण समतल ठेवायचा. बरणी चौकटीत खाली दिसते म्हणून तो खाली झुकवण्याचा मोह होतो, तो टाळायचा. चौकटीचा वरचा निम्मा भाग रिकामा राहतो, तो राहू द्यावा. मूळ फोटोत बरणी मध्यापासून डावीकडे असेल तर इथेही ती तितकीच डावीकडे ठेवावी, कारण रुंद कोनाच्या भिंगात कडेची गोल वस्तू किंचित ताणलेली दिसते आणि तो ताणही जुळावा लागतो. हे केले आणि कॅमेरा व भिंग तेच असले, तर नवा फोटो मापात बदल न करता, शंभर टक्क्यांवर, थेट चिकटवता येतो. पहिल्यांदा ते घडले तेव्हा मी मोजून पाहिले: कड ४८० हवी होती, ४७७ आली.

किती अचूकता लागते याचाही अंदाज देणे योग्य ठरेल. अंतर १० सेंटिमीटरने चुकले तर तळाचे लंबवर्तुळ ९६ ऐवजी १०१ पिक्सेल होते आणि प्रमाणही थोडे बदलते, पण ते नंतर सहज लहानमोठे करता येते. डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याची उंची मात्र ५ सेंटिमीटरने चुकली तर झाकण ७४ ऐवजी ६४ पिक्सेल येते, आणि शेजारी त्याच उंचीच्या दोन बरण्या असतील तर तो फरक लगेच खुपतो. म्हणून मोजपट्टी प्रथम उंचीला लावावी, अंतरासाठी पावलांनी मोजले तरी चालते.

प्रकाशाच्या बाबतीत हा मार्ग एआयपेक्षा कष्टाचा आहे यात शंका नाही. दुकानातील प्रकाश बहुधा छताच्या ट्यूबलाइटचा असतो आणि वरची फळी बरणीच्या वरच्या भागावर सावली टाकते. घरी मी स्टुलाच्या वर, मूळ फळीएवढ्या अंतरावर, एक प्लायवूडचा तुकडा दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवतो आणि प्रकाश वरून पुढून देतो. लोणच्याची बरणी पारदर्शक असल्यामुळे मागे करडा कागद आणि खाली मूळ फळीच्या रंगाचा तुकडा ठेवणे बरे पडते, नाहीतर काचेच्या कडांमधून घराची पांढरी भिंत दिसते. कडा पेन टूलने कापाव्यात. फळीला टेकते तिथली बारीक गडद रेघ वेगळ्या लेयरवर Multiply प्रकारात रंगवावी. ती नसेल तर बरणी तरंगते, मग बाकी सर्व कितीही जुळलेले असो.

नवी बरणी बुटकी असल्यामुळे जुनीच्या वरच्या भागामागची सुमारे १०० पिक्सेलची पट्टी उघडी पडते, आणि तिथे काय होते हे मूळ फोटोत नसतेच. या पट्टीसाठी मी Generative Fill निःसंकोच वापरतो. मांडणीची मागची पाटी किंवा मागच्या रांगेतील अंधार भरून काढताना अक्षर किंवा माप चुकण्यासारखे तिथे काही नसते, आणि ते काम हाताने करण्यात काही मिळवण्यासारखेही नसते. नवी बरणी रुंद असल्यामुळे उलट दोन्ही बाजूंना १४-१४ पिक्सेल जास्त लागतात. शेजारी तेवढी फट नसेल तर शेजारचा डबा थोडा सरकवावा, पण एकावर एक चढलेल्या वस्तूंत पुढचे कोण आणि मागचे कोण हे आधी ठरवून.

ब्लेंडरचा मार्ग ज्यांना एकच उत्पादन वीस-पंचवीस वेगवेगळ्या मांडण्यांत बसवायचे आहे त्यांनी जरूर पाहावा. fSpy सारख्या साधनाने फोटोतील कडांवरून कॅमेरा मिळवता येतो, बरणी दंडगोल असल्यामुळे तिचे प्रारूप सोपे असते, आणि लेबल मूळ फाइलमधून जात असल्यामुळे अक्षर कधीच चुकत नाही. फक्त काचेतील तेल आणि मोहरीचे दाणे खरे वाटण्यासाठी जो वेळ जातो, तो एका फोटोसाठी मला परवडला नाही. पत्र्याच्या किंवा अपारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्याच्या बाबतीत माझे मत कदाचित वेगळे असते.

नवी आणि जुनी वस्तू एकाच मापाची असेल आणि फक्त लेबलाचा रंग बदलला असेल, तर एआय मार्ग वापरण्यास मी कोणाला अडवणार नाही. मोकळी जागा भरण्याची जी सवय मला नडली तीच तिथे उपयोगी पडते. समाजमाध्यमांवर एका दिवसासाठी लहान आकारात जाणाऱ्या चित्रालाही ते पुरेसे आहे. पण मापात फरक असेल, लेबल देवनागरीत असेल आणि चित्र दुकानदाराच्या हातात छापील पत्रक म्हणून जाणार असेल, तर स्टूल, मोजपट्टी आणि एक तास हाच खर्च मला कमी वाटतो. माझ्या घरच्या फरशीवर २०० सेंटिमीटरची खूण म्हणून चिकटवलेली पट्टी आता कोणी काढत नाही.